पाऊल पुढे की मागे? लंज आणि कुरकुरणारा गुडघा

जिना चढताना काही होत नाही, उतरताना मात्र गुडघ्याच्या वाटीमागे कळ येते. तासभर एका जागी बसून उठलं की पहिली चार पावलं अवघडल्यासारखी पडतात. गुडघ्याला सूज नाही, कधी मार लागल्याचं आठवत नाही, एक्स-रे काढला तर त्यातही फारसं काही निघत नाही. असे गुडघे आपल्या आजूबाजूला पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मालकांना सगळीकडून एकच सल्ला मिळतो, मांडीचे स्नायू बळकट करा. सल्ला योग्यच आहे. मग माणूस जिममध्ये नाव घालतो किंवा सोसायटीच्या गच्चीवरच्या व्यायामवर्गाला जायला लागतो. पहिल्या आठवड्यातच लंज येतो. एक पाय पुढे टाका, खाली जा, परत या, दुसरा पाय. दोन दिवसांनी गुडघा ठणकतो आणि ‘हा व्यायाम आपल्यासाठी नाही’ असं ठरवून तो कायमचा बंद होतो.

माझं म्हणणं असं, की अशा माणसाने लंज सोडू नये, पाऊल टाकण्याची दिशा बदलावी. पाय पुढे टाकण्याऐवजी मागे न्यावा. दोन्ही प्रकारांत शेवटी शरीराचा आकार सारखाच दिसतो. एक पाय पुढे, एक मागे, दोन्ही गुडघे वाकलेले. फोटो काढला तर कुठला फॉरवर्ड लंज आणि कुठला रिव्हर्स, हे ओळखताही येणार नाही. पण त्या आकारापर्यंत पोहोचण्याचा आणि तिथून परत येण्याचा रस्ता वेगळा आहे, आणि गुडघ्याला जो काही त्रास व्हायचा तो या रस्त्यात होतो.

आधी गुडघ्याच्या पुढच्या भागात काय चालतं ते पाहू. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू खाली येऊन वाटीला धरतो आणि वाटीच्या खालून निघालेला जाड बंध नडगीच्या हाडाला धरतो. पाय सरळ करायचा असो किंवा वाकणारा पाय आवरून धरायचा असो, हा स्नायू वाटीमार्फतच ओढ लावतो. गुडघा वाकलेला असताना ही ओढ वाटीला मांडीच्या हाडावर दाबते. गुडघा जितका जास्त वाकलेला आणि स्नायूची ओढ जितकी जास्त, तितका दाब जास्त. हा दाब सोसण्यासाठी वाटीच्या मागे कूर्चेचा थर असतो. शरीरातल्या सगळ्यात जाड कूर्चांपैकी तो एक. कूर्चेला स्वतःला वेदना कळत नाही, कारण तिच्यात वेदनेच्या नसा नसतात. पण तिच्याखालचं हाड, आजूबाजूचं अस्तर आणि वाटीखालची चरबीची गादी चांगलीच संवेदनशील असते. ज्यांचा गुडघा पुढून दुखतो त्यांच्या बाबतीत बहुधा या भागांना सवयीपेक्षा जास्त दाब झालेला असतो. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा, की मांडी बळकट होईल एवढं काम तिला मिळावं आणि वाटीवरचा दाब मात्र झेपेल एवढाच राहावा, हे कुठल्या लंजमध्ये सोपं आहे?

फॉरवर्ड लंजचा एकेक क्षण डोळ्यांसमोर आणा. तुम्ही उजवा पाय उचलता आणि शरीर पुढे झुकतं. टाच जमिनीला लागते तेव्हा धड अजून पुढेच चाललेलं असतं. ती गती कुठेतरी थांबवायला हवी आणि थांबवण्याचं काम मुख्यतः नुकत्याच टेकलेल्या पायाच्या मांडीला करावं लागतं. तो स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, म्हणजे ब्रेक लावतो. त्यात गुडघा वाकत असतो आणि पुढेही सरकत असतो. हे सगळं सेकंदापेक्षा कमी वेळात. खाली पोहोचल्यावर दुसरी अडचण उभी राहते. आता त्याच पायाने जमीन ढकलून अख्खं शरीर मागे फेकायचं असतं, कारण उभं राहायची जागा मागे आहे. मांडी पुन्हा जोरात आखडते, तीही गुडघा सगळ्यात जास्त वाकलेला असताना. एका फेरीत वाटीला असे दोन जोरदार हिसके बसतात. नवख्या माणसाचं पाऊल तर प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी पडतं. कधी आखूड, कधी लांब, कधी थोडं आत. त्यामुळे प्रत्येक फेरीत दाब वेगळा.

रिव्हर्स लंजमध्ये काम करणारा पाय जागेवरून हलत नाही. उजवं पाऊल जमिनीवर पक्कं आहे, टाच टेकलेली आहे, आणि डावा पाय मागे जातो. शरीराची गती मागे आणि खाली असते, त्यामुळे पुढच्या गुडघ्याला येणारा लोंढा अडवावा लागत नाही. खाली जाण्याचा वेग तुमच्या हातात राहतो. मन घाबरलं तर अर्ध्यावर थांबता येतं, जे पुढे टाकलेल्या पावलाच्या बाबतीत जमत नाही. परत येताना शरीर वर आणि पुढे आणायचं असतं, आणि ते काम नितंबाचा आणि मांडीच्या मागचा स्नायू मनापासून वाटून घेतात. जिन्याची पायरी चढताना वरचा पाय जे करतो, तेच हे. उतरताना दुखणाऱ्या कितीतरी गुडघ्यांना चढताना त्रास कमी होतो हे आपण पाहतोच, आणि रिव्हर्स लंज त्यांना का मानवतो हे त्यावरून समजायला सोपं जातं.

दिशेपेक्षाही खोलातली गोष्ट म्हणजे नडगीचा कल. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत साधारण ४० सेंटिमीटर धरू. नडगी उभ्या रेषेपासून १० अंश पुढे कलली, तर गुडघा घोट्याच्या सुमारे ७ सेंटिमीटर पुढे येतो. ३० अंश कलली, तर २० सेंटिमीटर. शरीराचं वजन ज्या रेषेने जमिनीत उतरतं, तिच्यापासून गुडघा जितका पुढे जातो तितका मांडीच्या पुढच्या स्नायूला जास्त जोर काढावा लागतो आणि तितकीच वाटी दाबली जाते. फॉरवर्ड लंजमध्ये पुढे येणारी गती नडगीला कलवायलाच बसलेली असते. रिव्हर्स लंजमध्ये नडगी उभी ठेवणं सोपं जातं, कारण पाऊल आधीच स्थिर आहे आणि मागे जाणारं धड गुडघ्याला पुढे ढकलत नाही. मागे पाय नेण्याचा फायदा बहुतांशी या उभ्या नडगीचा आहे.

हे आपल्या पायात काय चाललंय ते पाहायला आरसा पुरत नाही, कारण आरशात पाहायला मान वळवली की शरीरही वळतं. त्यापेक्षा फोन जमिनीवर आडवा, कशाला तरी टेकवून ठेवा, आपण त्याच्याकडे कूस करून उभे राहा आणि स्लो मोशनमध्ये चार फेऱ्यांचा व्हिडिओ घ्या. मग सगळ्यात खालच्या क्षणी तो थांबवा. पुढच्या पायाची टाच आणि फरशी यांत फट दिसतेय का? नडगी किती झुकली आहे? धड खाली चाललंय की पुढे? पहिल्यांदा पाहणाऱ्याला जवळजवळ नेहमीच आश्चर्य वाटतं. आपण सरळ खाली गेलो अशी खात्री असते आणि पडद्यावर गुडघा बोटांच्या कितीतरी पुढे गेलेला असतो, टाच उचललेली असते. ही फट दिसली तर पाऊल आखूड पडलंय किंवा घोटा आखडलेला आहे असं समजावं.

पावलाच्या लांबीबद्दल अभ्यासही आहे. अमेरिकेतले राफाएल एस्कामिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली फॉरवर्ड लंजमध्ये वाटीवर येणारा दाब मोजला. गुडघा जसजसा जास्त वाकत गेला तसतसा दाब वाढत गेला, आणि खोल वाकलेल्या अवस्थेत आखूड पावलाच्या लंजमध्ये तो लांब पावलापेक्षा जास्त निघाला. वाटीवरचा दाब कमी ठेवायचा असेल तर लांब पाऊल घ्यावं, प्रत्येक वेळी पाऊल न टाकता पाय जागीच ठेवून खाली-वर करावं आणि गुडघा साधारण ५० अंशांपर्यंतच वाकवावा, असा त्यांच्या निष्कर्षाचा रोख होता. पाय सरळ म्हणजे ० अंश आणि खुर्चीत बसल्यावरचा काटकोन म्हणजे ९०, असं धरलं तर ५० म्हणजे अर्ध्याहून किंचित जास्त. जिममध्ये पहिल्याच दिवशी ‘मागचा गुडघा जमिनीला लागला पाहिजे’ असा जो आग्रह धरला जातो, तो दुखऱ्या गुडघ्यासाठी घाईचा आहे.

त्याच वर्षी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी धडाच्या स्थितीचा अभ्यास केला. फॉरवर्ड लंजमध्ये धड पुढे झुकवलं की पुढच्या पायाच्या नितंबाचा आणि मांडीच्या मागचा स्नायू जास्त काम करतो, असं त्यांना दिसलं. शिपायासारखं ताठ उभं राहून खाली जाणं रुबाबदार दिसतं, पण कुरकुरणाऱ्या गुडघ्याने खुब्यातून किंचित पुढे झुकावं. किंचित म्हणजे छाती पुढच्या मांडीच्या दिशेला थोडी यावी एवढं. पाठीला कुबड काढायचं नाही, घडी खुब्यात पडली पाहिजे.

‘गुडघा बोटांच्या पुढे जाता कामा नये’ हा नियमही इथेच तपासू. तो अर्धा खरा आहे. २००३ साली बैठकांवर, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन मारलेल्या स्क्वॉटवर, एक प्रयोग झाला. त्यात गुडघ्यापुढे फळी उभी करून गुडघा बोटांपुढे जाऊ दिला नाही, तेव्हा गुडघ्यावरचा भार सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी झाला, पण खुब्यावरचा भार दहापटीच्या घरात गेला. शरीर हिशेब चुकता करतंच, एकीकडे कमी केलं की दुसरीकडे वाढतं. निरोगी गुडघा बोटांपुढे गेल्याने बिघडत नाही. आपण पायऱ्या उतरताना, उकिडवं बसताना तो रोज जातो. दुखऱ्या गुडघ्याने मात्र काही आठवडे तो भार खुब्याकडे ढकलावा, कारण नितंबाचे स्नायू मोठे आहेत आणि बहुतेकांच्या बाबतीत बैठ्या कामाने आळसावलेले आहेत. पुढे बळ आलं की हा नियम सैल करायचा.

आता प्रत्यक्ष करून बघू. स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी कडेने उभं राहा, एक हात ओट्यावर. पायांत मोजे नकोत, कारण गुळगुळीत फरशीवर मागे नेलेला पाय सटकतो. चपलाही नकोत. अनवाणी किंवा पकड असलेले बूट. दोन्ही पावलांत खुब्यांएवढं अंतर ठेवा आणि ते शेवटपर्यंत सोडू नका. डावा पाय मागे नेताना तो डाव्याच बाजूला मागे जाऊ द्या. नवखा माणूस नकळत तो मधोमध, पुढच्या पावलाच्या रेषेत आणतो, मग डोंबाऱ्याच्या दोरीवर उभं राहिल्यासारखा तोल जातो आणि दोष रिव्हर्स लंजला मिळतो. मागे फक्त चवडा टेकतो, टाच वर राहते. वजनाचा मोठा भाग, अंदाजे तीन चतुर्थांश, पुढच्या पायावर आणि त्यातही टाच आणि पावलाच्या मध्यावर. मागच्या गुडघ्याखाली दोन उशा एकावर एक ठेवलेल्या. खाली जाताना मनात तीन आकडे मोजा, उशीला गुडघ्याने नुसता स्पर्श करा, आणि पुढच्या टाचेने जमीन दाबत वर या. पुढचा गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेनेच वाकला पाहिजे. तो आत, अंगठ्याच्या बाजूला पडायला लागला की वाटी आपल्या खाचेत एका कडेला घासल्यासारखी चालते, आणि पुढून दुखणाऱ्या गुडघ्याला ते नको असतं.

सगळ्यात फसवी चूक वर येताना होते. माणूस मागच्या पायाने जमिनीला धक्का देतो आणि शरीर पुढे उडवतो. दिसायला लंज झाला, पण पुढचा पाय, ज्याच्यासाठी हा खटाटोप चाललाय, तो फुकट बसून राहिला. ओळखायची खूण अशी, की वर येताना डोकं आधी पुढे जातं आणि मागच्या पायाची बोटं दुखतात. अशा वेळी पाऊल थोडं आखूड करून, मागच्या चवड्यावर केवळ तोलापुरता टेकू ठेवून बघावं. पुढच्या पायाचं नितंब कामाला लागलं की दुसऱ्या दिवशी तिथे अंग दुखतं. मांडीत आणि नितंबात दुखणं चांगलं, वाटीपाशी दुखणं नाही.

रिव्हर्स लंजची एक उणी बाजूही सांगितली पाहिजे. काहींचा पुढचा गुडघा निवांत असतो आणि मागचाच ओरडतो. मागचा पायही वाकलेला असतो आणि त्याच्या मांडीचा पुढचा स्नायू खुब्यापाशी ताणलेला असतो. हा स्नायू आखडलेला असेल, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचा बहुधा असतोच, तर खाली जाताना तो मागच्या गुडघ्याची वाटी दाबतो. उपाय दोन. उशांची थप्पी उंच करून कमी खोल जायचं आणि धड थोडं पुढे झुकवायचं. एवढं करूनही मागचा गुडघा दुखत राहिला, तर काही दिवस लंज बाजूला ठेवून कमी उंचीच्या पायरीवर चढण्याचा व्यायाम करावा. तोही जवळजवळ तेच काम करतो, आणि त्यात मागचा पाय असा दाबला जात नाही.

सूर्यनमस्कार घालणाऱ्यांना मागे पाय नेणं नवं वाटणार नाही. प्रचलित बारा स्थितींच्या पद्धतीत चौथ्या स्थितीत एक पाय मागे जातो, ते अश्वसंचालनासन. तिथे दोन्ही हात जमिनीवर टेकलेले असतात, मागचा गुडघाही टेकतो, त्यामुळे पुढच्या पायावर पूर्ण वजन येत नाही. गुडघा तिथे पुष्कळ वाकतो, म्हणून आसन आरामात जमतं याचा अर्थ लंजही तेवढा खोल झेपेल असा घेऊ नये. तोल आणि खुब्याची मोकळीक मात्र त्यातून चांगली येते.

एक उदाहरण घेऊन पूर्ण रस्ता मांडतो. समजा, डोंबिवलीच्या एक बाई आहेत, वय ४८, बँकेत नोकरी. स्टेशनच्या पुलावरून उतरताना उजव्या गुडघ्याची वाटी दुखते, लोकलमध्ये बसून उठताना अवघडते. सूज नाही, गुडघा अडकत नाही, डॉक्टरांनी व्यायामाला हरकत नाही म्हणून सांगितलंय. पहिले दोन आठवडे त्यांनी पाऊल टाकायचंच नाही. एक पाय पुढे, एक मागे ठेवून, हात ओट्यावर, गुडघ्याखाली दोन उशा, तसंच जागच्या जागी खाली-वर. प्रत्येक पायावर ६ वेळा, असे दोन फेरे, आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस विश्रांती. आधी डाव्या, न दुखणाऱ्या पायावर, म्हणजे हालचाल अंगवळणी पडते.

दुखण्याचं मोजमाप त्यांनी ० ते १० असं करायचं. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे असह्य. व्यायाम चालू असताना २ किंवा ३ पर्यंत दुखलं तर चालेल. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. घरातला जिना उतरताना गुडघा रोजच्याएवढाच किंवा त्याहून कमी दुखत असेल, तर कालचं माप बरोबर होतं. जास्त दुखत असेल, तर व्यायामाच्या वेळी कितीही बरं वाटलं असलं तरी माप मोठं झालं. व्यायाम चालू असताना गुडघा गरम झालेला असतो आणि खोटा दिलासा देतो, म्हणून सकाळच्या उत्तरावर विश्वास ठेवायचा.

तिसऱ्या आठवड्यात पाय मागे टाकून परत आणायला सुरुवात, म्हणजे खरा रिव्हर्स लंज. ओटा आणि दोन्ही उशा तशाच. चौथ्यात ८ वेळा. इथवर सगळं सुरळीत चाललं की माणसाला हुरूप येतो आणि एकाच दिवशी हात सुटतो, एक उशीही निघते. दुसऱ्या दिवशी पुलावर कळ येते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची होती, कारण दोन बदलल्या की कशाने दुखलं ते कळत नाही. बाईंनी उशी परत ठेवावी, हात मात्र सुटाच ठेवून बघावा. तीन दिवसांत कुरकुर बसली, तर अडचण खोलीची होती, तोलाची नव्हती. मग पाचवा-सहावा आठवडा दोन उशांवरच, हात मोकळे, १० वेळा. सातव्यात एका उशीच्या जागी घडी घातलेली चादर. या टप्प्यावर पुलावरून उतरणं बरंच सुसह्य व्हायला हवं. ते झालं नसेल तर पुढे रेटण्यात अर्थ नाही, फिजिओथेरपिस्टला हालचाल दाखवावी.

फॉरवर्ड लंजला कायमची बंदी घालावी असं मला वाटत नाही. बॅडमिंटन खेळणाऱ्याला नेटजवळचं शटल उचलायला पाय पुढे टाकून ब्रेक लावावाच लागतो, आणि खड्ड्यात पाऊल पडलं की सावरण्यासाठी सगळ्यांनाच. ब्रेक लावायची क्षमता गुडघ्याला हवीच, फक्त ती आधी बळ कमावून मग शिकवायची. हाताच्या आधाराशिवाय १० रिव्हर्स लंज दोन्ही पायांवर शांतपणे निघाले आणि दुसरी सकाळ तक्रारीविना गेली, की भिंतीला हात लावून फॉरवर्ड लंज करून बघावा. पाऊल लांब टाकायचं, टाच आवाज न करता टेकवायची, खोली निम्मीच ठेवायची, आणि सुरुवातीला परत मागे ढकलायचं नाही. खाली जाऊन मागचा पाय पुढे आणून उभं राहायचं. असं केलं की शरीराला मागे फेकण्याचा तो दुसरा हिसका टळतो. पाऊल जमिनीवर आपटल्याचा आवाज येत असेल, तर ब्रेक उशिरा लागतोय असं समजून एक पायरी मागे यावं.

एवढं खरं, की दोन्ही लंज सावकाश, लांब पावलाने, उभ्या नडगीने आणि कमी खोलीत केले तर त्यांच्यातला फरक बराच कमी होतो. घाईघाईत, उड्या मारत केलेल्या रिव्हर्स लंजपेक्षा शांतपणे केलेला फॉरवर्ड लंज गुडघ्याला नक्कीच मानवेल. पण नवख्या माणसाला शांतपणे करणं मागच्या दिशेला जास्त लवकर जमतं. वाकताना गुडघ्यातून नुसता कटकट आवाज येत असेल आणि दुखत नसेल, तर त्याला घाबरायचं कारण नाही. बहुतेक गुडघे आवाज करतात.

काही गुडघ्यांनी मात्र यातलं काहीच स्वतःहून सुरू करू नये. गुडघ्याला सूज आहे, तो मधेच अडकतो आणि सरळ होत नाही, चालता-चालता दगा देऊन लचकतो, मार लागल्यापासून दुखतोय, किंवा रात्री झोपेतही ठणकतो, अशा वेळी आधी अस्थिरोगतज्ज्ञ. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय लंजच्या वाटेला जाऊ नये. इतरांनी ओट्याशेजारी उभं राहावं, दोन उशा घ्याव्यात आणि पाय मागे न्यावा. जिममधल्या ट्रेनरने पहिल्याच दिवशी पुढे पाऊल टाकायला सांगितलं, तर ‘सर, मी आधी रिव्हर्स करतो, गुडघा दुखतो’ एवढं त्यांना मोकळेपणाने सांगा. जाणता ट्रेनर त्याला नाही म्हणणार नाही.